‘सांगतो’ म्हणून गेलेल्या निर्णयांची वही

प्रश्न: मी दोन वर्षांपासून पुण्यात घरांच्या नूतनीकरणाची कामं स्वतंत्रपणे घेते. सध्या तीन साइट चालू आहेत आणि तिन्ही कुणाच्या ना कुणाच्या निर्णयासाठी अडल्यात. एका स्वयंपाकघरात तर शेगडी आणि चिमणी कुठली घ्यायची हे तीन आठवडे ठरत नाहीये, आणि सुतार गावी जायचं म्हणतोय. ‘कुणाकडे काय अडलंय’ अशी यादी करून पाहिली, पण ती नुसती वाढत जाते, कामं हलत नाहीत. तुम्ही ही यादी कशी ठेवता?

उत्तर: तुमच्या यादीत काय लिहिलेलं असेल याचा मला साधारण अंदाज आहे, कारण माझीही पहिली काही वर्षं तशीच होती. ‘कमोड – साहेबांकडून’, ‘टाइल्स – मॅडम सांगणार’, ‘एनओसी – सोसायटी’. अशी नोंद म्हणजे कुणावर तरी खापर फोडायची सोय असते. तिच्याकडे बघून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

ती ‘कमोड – साहेबांकडून’ ही नोंद मला चांगलीच महागात पडली होती. गृहस्थांना मी दोनदा विचारलं, ते ‘सांगतो’ म्हणाले. प्लंबर दारात उभा राहिला तेव्हा मी ‘नेहमीसारखा जमिनीवरचा धर’ म्हणून मोकळी झाले. त्याने मैल्याच्या पाइपचं तोंड भिंतीपासून ९ इंचांवर घेतलं. लाद्या बसल्या, सांधे भरून झाले, आणि गृहस्थांनी कुठल्याशा सेलमधून परस्पर कमोड आणला. तो निघाला १२ इंचांचा. ९ इंचांच्या तोंडावर १२ इंचांचा कमोड बसत नाही, टाकी भिंतीला अडते. मग नवी कोरी जमीन फोडली, पाइप सरकवला, वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं, पाणी भरून पुन्हा तपासलं. अकरा दिवस गेले. गृहस्थ म्हणाले, ‘मला इंचांचं काही कुणी विचारलंच नव्हतं.’ आणि ते खरंच होतं. मी ‘कमोड कुठला?’ असं विचारलं होतं. त्यांच्या डोक्यात त्याचा अर्थ कंपनी आणि रंग. मला हवा होता तो फक्त एक आकडा, ९ की १२.

तेव्हापासून माझी वही एकाच गोष्टीभोवती फिरते: समोरच्याच्या निर्णयातला नेमका कुठला तुकडा माझं काम अडवतोय, आणि कुठल्या दिवसापासून. अख्ख्या निर्णयाची वाट बघायची गरज फार कमी वेळा असते. लोकांना कमोड ‘निवडायला’ महिना लागतो, पण तो भिंतीवर टांगायचा की जमिनीवर बसवायचा एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. प्लंबरला पहिल्या दिवशी तेवढंच लागतं. जमिनीवरचा असेल तर तोंड जमिनीत की भिंतीत, आणि जमिनीत असेल तर ९ इंच की १२. कंपनी, झाकण हळू बंद होणारं की साधं, पांढरा की हस्तिदंती, हे सगळं लाद्या बसून झाल्यावर ठरलं तरी चालतं.

आता एक पूर्ण काम उलगडून दाखवते. मे महिन्यातलं काम, जुना टू बीएचके फ्लॅट, दोन्ही बाथरूम आणि ओटा नवा करायचा. राहणारे आजी-आजोबा, पैसे देणारा मुलगा न्यू जर्सीत. तोडफोड ५ तारखेपासून, प्लंबर १२ ला, वॉटरप्रूफिंग १५-१६ ला, वाळल्यावर १९ ला पाणी भरून ४८ तास ठेवायचं, खालच्या घरात ओल उतरली नाही हे बघायचं, आणि २२ ला लाद्या सुरू. हा क्रम ठरला की मगच मी यादी लिहायला बसते. कामाचा क्रम हाताशी नसताना केलेली यादी म्हणजे तक्रारवही.

आजींच्या बाथरूमची कमोडची नोंद वहीत अशी होती:

> निर्णय: आजींच्या बाथरूमचा कमोड भिंतीवरचा की जमिनीवरचा? (कंपनी नंतर.)
> कुणाकडे: मुलगा. ४ मेला फोनवर विचारलं, त्याच दिवशी दोन्हींचे फोटो पाठवले.
> कधी लागेल: १२ मे, सकाळी ९. प्लंबर झिऱ्या मारायला घेईल त्याआधी.
> तोवर: दुसऱ्या बाथरूमची तोडफोड, बेसिन आणि गीझरच्या लाइनी.
> पुन्हा विचारणार: ८ मे, सकाळी ७.
> आलंच नाही तर: प्लंबर आधी दुसऱ्या बाथरूममध्ये लावायचा. १४ पर्यंत ढकलता येईल, त्यापुढे नाही.

यातली ‘कधी लागेल’ आणि ‘पुन्हा विचारणार’ या दोन तारखा वेगळ्या ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. बरेच जण एकच तारीख लिहितात आणि त्याच दिवशी सकाळी आठवण करतात. म्हणजे मिस्त्री हजेरीवर आलेला, आणि आपण फोन लावतोय. माझी आठवणीची तारीख गरजेच्या किमान तीन दिवस आधी असते. परदेशातल्या माणसासाठी आणखी एक दिवस मागे. सकाळी ७ ही वेळही उगाच नाही. उन्हाळ्यात आपल्या सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ. मुलगा जेवून मोकळा झालेला असतो आणि इथे आजी-आजोबा चहा पीत बसलेले असतात. तिघं एकदम सापडतात. (संध्याकाळी फोन केला तर तो ऑफिसात असतो, ‘वीकेंडला बघतो’ म्हणतो आणि आपला आठवडा जातो.)

‘आलंच नाही तर’ या ओळीला लोक सहसा बगल देतात. ती ओळ शांत डोक्याने, आठवडाभर आधी लिहिलेली असली की अडचणीच्या सकाळी मिस्त्रीसमोर उभं राहून डोकं चालवावं लागत नाही. वरच्या नोंदीत मी कमोड परस्पर ठरवलेला नाही, फक्त प्लंबरचा क्रम बदललाय.

परस्पर ठरवायचं कधी आणि कधी नाही, याची माझी रेघ अशी आहे: चूक झाली तर पाना-पोपट घेऊन बदलता येईल ते मी धरून चालते, छिन्नी-हातोडा लागेल ते नाही. स्विचच्या पट्ट्यांचा रंग, नळाच्या बाहेरच्या चकत्या, टॉवेलची दांडी कुठे, यांना ‘अमुक तारखेपर्यंत कळवलं नाहीत तर मी हे लावते’ असं लिहून कळवायचं आणि पुढे जायचं. भिंतीच्या पोटात आणि लादीच्या खाली जे जातं त्याला हा नियम लावायचा नाही. कबूल केलेल्या आकड्याच्या वर खर्च नेणारं काहीही धरून चालायचं नाही, मग ते कितीही सुटं करण्यासारखं असो. आणि हा नियम काम सुरू होतानाच सांगून, लेखी होकार घेऊन ठेवायचा. मधेच लावलात तर तो धमकीसारखा वाटतो.

सगळ्यात फसवी तारीख असते माल मागवायच्या वस्तूंची. लाद्या २२ मेला लागणार, म्हणजे निर्णय २१ पर्यंत आला तरी चालेल, असं वाटतं. पण निवडलेली लादी दुकानात हजर नसेल तर ती गुजरातमधल्या मोरबीहून येते, आणि माझा धडा असा की कामाचे दहा दिवस धरलेले बरे. म्हणजे निर्णय २२ ला नाही, १० ला हवा. प्लंबर यायच्याही आधी! यजमानांना हे विचित्र वाटतं. त्यांना अजून फुटलेल्या भिंती दिसत असतात आणि आपण लादीचा नंबर मागतो. म्हणून मी त्यांना तारीख सांगताना कारणही सांगते, ‘२२ ला लावायची, दहा दिवस यायला’.

मी वही हातानेच लिहिते, पण तीन साइट असल्या की तारखांचं गणित शीटवर टाकते. D मध्ये माल साइटवर लागायची तारीख, E मध्ये यायला लागणारे कामाचे दिवस, आणि F मध्ये निर्णय लागायची तारीख:

```
=WORKDAY.INTL(D2,-E2,11)
```

शेवटचा ११ म्हणजे सुट्टी फक्त रविवारची. साधं `WORKDAY` वापरलंत तर ते शनिवारही सुट्टी धरतं आणि आपल्या धंद्यात शनिवार सुट्टी नसते. यादी या F रकान्याच्या क्रमाने लावायची, विचारल्याच्या तारखेने नाही. तीन आठवडे अडलेली गोष्ट वर येते असं नाही. काल विचारलेली पण परवा लागणारी गोष्ट वर यायला हवी.

आता ‘कुणाकडे’ हा रकाना. त्यात आपण ज्याला फोन करतो त्याचं नाव लिहितो. निर्णय खरा त्याच्याकडे असतोच असं नाही. ८ मेला सकाळी मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘आईला काय सोयीचं पडतंय ते बघा, ती म्हणेल ते.’ मी आजींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, ‘आता यातलं आम्हाला काय कळतंय? तो म्हणेल ते.’ म्हणजे चार दिवस माझी नोंद दोघांच्या मधे झोके घेत होती. दोघं एकमेकांवर टाकत असतील तर सहसा दोघांच्याही मनात काहीतरी असतं, ते एकमेकांना सांगायचं नसतं. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि आजींना विचारलं, ‘भिंतीवरचा नको वाटतो का?’ त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, खाली काही आधार नाही त्याला. बसले नि निखळला तर?’

हा होता खरा अडसर. मुलाला भिंतीवरचा हवा होता कारण तो हव्या त्या उंचीवर बसवता येतो आणि आजींचे गुडघे दुखतात. आजींना भीती वाटत होती, पण परदेशातून मुलगा एवढ्या हौसेने करतोय तर नाही कसं म्हणायचं. मी त्यांना त्याच दिवशी दुकानात नेलं, भिंतीतली लोखंडी चौकट दाखवली, मांडून ठेवलेल्या कमोडवर बसवलं. अडीच मिनिटं बसल्या असतील. ‘बरा आहे की,’ म्हणाल्या. मी त्यांना बसलेल्या अवस्थेत पट्टीने मोजून घेतलं, पाय जमिनीला टेकले की बैठक किती उंच हवी ते. तो आकडा वहीत गेला आणि संध्याकाळी मुलाला कळवला. नुसतं ‘कमोडचं काय झालं?’ असं रोज विचारत बसले असते तर १२ तारीख निघून गेली असती.

समितीकडे असलेल्या निर्णयाची गोष्ट आणखी निराळी. चिमणीच्या धुराच्या पाइपसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं होतं. सेक्रेटरी जिन्यात भेटले, ‘करा हो, काही हरकत नाही’ म्हणाले. पूर्वी मी हा ‘होकार’ समजून नोंदीवर काट मारली असती. पण बाहेरची भिंत सोसायटीची, होकार कार्यकारिणीचा लेखी हवा, आणि त्यांची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. अर्ज शुक्रवारपर्यंत दिला तर विषय येतो, नाहीतर जूनमध्ये. म्हणजे इथे गरजेची तारीख भोक पाडायच्या दिवसावरून ठरत नाही, ती ९ मे, शुक्रवार. समिती, सभा, साहेबांची सही, असं काहीही असलं की मी आधी विचारते, ‘हे ठरतं कुठे आणि तिथे पुढच्या वेळी कधी बसतात?’ त्यांच्या बैठकीचा दिवस चुकला की आपण रोज फोन करूनही काही उपयोग नसतो. सेक्रेटरींना माझ्याकडून एकच काम होतं: अर्ज विषयपत्रिकेत आला का, एवढं शनिवारी सांगणं.

यादी वाढतच जाते असं तुम्ही म्हणता. एकदा अशी वाढलेली यादी मी एका रविवारी बसून तपासली. एकोणीस नोंदी होत्या. पाच ठिकाणी मीच अडलेली होते! एकांना नकाशाची नवी प्रत पाठवायची राहिली होती, दुसऱ्यांना दोन पर्यायांच्या किमतीतला फरक हवा होता तो मी काढलाच नव्हता, आणि आणखी एकांना मी विचारलंय असं मला वाटत होतं, पण तो निरोप माझ्या फोनमध्ये अर्धवट लिहून तसाच पडलेला. दुसऱ्यावर अडलंय असं लिहिलं की मन हलकं होतं, त्यामुळे आपली कामं अलगद तिकडे सरकतात. तेव्हापासून ‘विचारलं – तारीख, कसं’ ही जागा भरल्याशिवाय नोंद त्या यादीत जात नाही. प्रश्न घराबाहेर पडला नसेल तर ते माझं आजचं काम आहे. आणि समोरच्याला ठरवायला जे लागतं, म्हणजे फोटो, माप, किंमत, शेवटची तारीख, ते सगळं त्याच निरोपात गेलं असलं पाहिजे.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तराचा वेग ठरतो हे तर आहेच. ‘लाद्यांचं काय ठरलं?’ याला माणूस ‘बघतो’ म्हणणार. ‘बाथरूमच्या जमिनीला खरखरीत लादी, राखाडी किंवा फिकट तपकिरी, यातली कुठली? १० तारखेपर्यंत कळवा, म्हणजे २२ ला काम सुरू होईल’ याला तो एका शब्दात उत्तर देऊ शकतो. दोन पर्याय द्या, फार तर तीन. दुकानात नेऊन चाळीस नमुने दाखवलेत तर ते घरी जाऊन एकेचाळिसावा शोधतात.

आणि एका माणसाचे सगळे प्रश्न एकाच निरोपात. मी सोमवार आणि गुरुवार संध्याकाळी वही उघडते, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नावानुसार नजर फिरवते आणि प्रत्येकाला एक निरोप तयार करते, ज्याची तारीख जवळ ती गोष्ट सगळ्यात वर. दिवसभर सुचेल तसे सहा निरोप टाकले की माणूस सोप्या चारांची उत्तरं देतो आणि नेमके अवघड दोन वर सरकून दिसेनासे होतात.

काही नोंदी मात्र हे सगळं करूनही हलत नाहीत. त्याची एक खूण आहे. तीनदा आठवण केली आणि तिन्ही वेळा उत्तराऐवजी नवा प्रश्न आला, ‘याच्यात आणखी काही येतं का?’, ‘माझ्या मेहुण्याने दुसरं काहीतरी लावलंय’, ‘जरा थांबलं तर चालेल का?’, तर तिथे बहुतेक वेळा पैशांचं कोडं असतं. माणसाला वस्तू आवडलीय, परवडत नाहीये, आणि तसं म्हणायचं नाहीये. तिथे चौथी आठवण करू नका. त्यांचा मान राखून एक स्वस्त पर्याय आपणच पुढे करा: ‘हाही मी बऱ्याच घरांत लावलाय, टिकतो.’ अशा कितीतरी नोंदी माझ्याकडे एका फोनमध्ये सुटल्यात. आणि दुसरी, जरा कडू गोष्ट. काही घरांत नवरा-बायकोचं आपसातच जमत नसतं आणि आपली लादी ही त्यांची रणभूमी असते. तिथे ही वही काही करू शकत नाही. मी तेव्हा काम त्या खोलीपुरतं लेखी कळवून थांबवते, माणसं दुसऱ्या साइटवर हलवते, आणि पुन्हा सुरू करताना मिस्त्री लगेच मिळेलच असं नाही हेही त्याच निरोपात लिहिते.

उत्तर आलं की नोंद खोडू नका. त्याच ओळीपुढे काय ठरलं, कुणी सांगितलं, कधी, हे लिहा आणि ‘ठरल्याप्रमाणे अमुक करतोय’ असा एक निरोप त्यांना पाठवा. राखाडी लादी बसून झाल्यावर ‘मी तपकिरी म्हणाले होते’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! भांडायला नको असतं त्यांना, खरंच आठवत नसतं. तारीख आणि त्यांचाच शब्द समोर ठेवला की विषय मिटतो.

आता तुमचं स्वयंपाकघर. ‘शेगडी आणि चिमणी कुठली’ हा एक निर्णय नाही, त्यात मला निदान सात दिसतात, आणि सुताराला त्यातले मोजकेच लागतात. सुतार गावी जायच्या आत सांगाडे उभे करायला त्याला हवी चिमणीची रुंदी, ६० सेंटिमीटर की ९०, म्हणजे वरच्या कपाटांत किती जागा मोकळी सोडायची ते. शेगडी ओट्यात बसवायची आहे की वर ठेवायची आहे, आणि तिच्याखालचा खण साधारण किती रुंद. बस. इलेक्ट्रिशियनला चिमणीच्या पॉइंटची जागा, आणि तुम्हाला धुराचा पाइप कुठल्या भिंतीतून बाहेर काढायचा ते. ती बाहेरची भिंत असेल तर सोसायटीचा अर्ज आजच टाका. कंपनी, काचेची की स्टीलची, बटणं की हात हलवून चालू होणारी, ही चर्चा सुतार परत येईपर्यंत खुशाल चालू दे.

रुंदीही ठरत नसेल तर ९० ची जागा सोडा. पुढे ६० ची चिमणी आली तर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर उरतात, तिथे मसाल्याच्या बाटल्यांचे उघडे कप्पे बसतात. उलटं होत नाही, ६० च्या जागेत ९० ची बसवायला कपाट कापावं लागतं. ग्रॅनाइट मात्र शेगडी हातात आल्याशिवाय कापू देऊ नका. प्रत्येक मॉडेलचं भोक वेगळं असतं, दोन शेगड्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी. ओटा अखंड बसवून घ्या, भोक नंतर जागेवर कापता येतं. धूळ फार होते, कडेला कारखान्यासारखी सफाई येत नाही, पण शेगडीच्या काठाखाली ती झाकली जाते. फक्त खालच्या खणात तेव्हा काही भरलेलं नसावं, आणि मिस्त्रीला त्या दिवसाचे वेगळे पैसे द्यावे लागतील हे यजमानांना आत्ताच सांगून ठेवा.

त्यांना आज संध्याकाळी असा निरोप पाठवा, मोकळ्या जागी तुमच्या सुताराची तारीख घालून: ‘ताई, शेगडी-चिमणी सावकाश निवडा, घाई नाही. सुतार ___ तारखेला गावी जातोय, त्याआधी मला फक्त दोन गोष्टी हव्यात. चिमणी ६० ची की ९० ची? आणि शेगडी ओट्यात बसवायची ना? चिमणीचं त्याच्या तीन दिवस आधीपर्यंत कळलं नाही तर मी ९० ची जागा सोडते, म्हणजे पुढे दोन्ही बसतील. शेगडीचं मात्र तुम्हीच सांगा, ते मी धरून चालणार नाही.’